२२५ म्हणजे नक्की किती? आत्याच्या वहीतल्या आकड्यांचा उलगडा

आत्याचे गुडघे आता ओव्हनपुढे वाकू देत नाहीत. म्हणून ९ जूनला तिनं तिची बेकिंगची वही माझ्या हवाली केली. चाळीस वर्षांत जिथून मिळेल तिथून उतरवून घेतलेल्या कृती. साहित्य व्यवस्थित, ग्रॅमपर्यंत लिहिलेलं. तापमानाच्या जागी मात्र नुसते आकडे: कुठे ३५०, कुठे २२५, कुठे 'गॅस २', एका ठिकाणी 'थ. ६' आणि शेवटच्या पानावर एकटाच ५. तिचा जुना ओव्हन कधीच गेला. माझ्याकडे विजेचा आहे, त्याच्या बटणावर ५० ते २५० सेल्सिअस, आणि पंखा हवा तर लावा, नको तर बंद ठेवा अशी सोय. ही वही माझ्या ओव्हनच्या भाषेत आणायला मला साधारण पाच आठवडे लागले. वाटेत कायकाय वाया गेलं तेही सांगते, म्हणजे तुमचं वाचेल.

१२ जून. सुरुवात मरँगपासून केली, कारण त्यात साहित्यच दोन: अंड्यातला पांढरा भाग आणि साखर. चार अंडी, छान कडक फेस, ट्रेवर चौदा गोळे. वहीत लिहिलं होतं, '२२५, दीड तास'. बटण २२५ पर्यंत जातंच की, मग फिरवलं. सात-आठ मिनिटांत घरभर जळक्या साखरेचा वास. दार उघडलं तर गोळे वरून कॉफीच्या रंगाचे, कडांना तपकिरी पाकाचे थेंब, आणि चमच्यानं फोडले तर आत अजून ओला फेस. दीड तास काय, पंधरा मिनिटंही पुढे जाण्यात अर्थ नव्हता.

रात्री आत्याला फोन लावला.

"अगं, ते फॅरनहाइट असणार! ती कृती अमेरिकेतल्या मासिकातली आहे."

"मग तसं लिहायचं नाहीस का?"

"तेव्हा माझ्या ओव्हनला तेच आकडे होते गं. लिहायचं कशाला?"

तिचं बरोबरच होतं. स्वतःसाठी लिहिताना एकक कोण लिहितं? २२५ फॅरनहाइट म्हणजे १०७ सेल्सिअस. मी लावलं होतं त्याचे फॅरनहाइट होतात ४३७. मरँग भाजायचंच नसतं, ते सुकवायचं असतं. पाणी हळूहळू उडून जावं पण साखरेला रंग येऊ नये, एवढ्यासाठीच तो दीड तास.

त्या रात्री अख्खी वही पेन्सिल घेऊन वाचली आणि प्रत्येक आकड्याशेजारी दिलेला वेळ बघत गेले. एक गोष्ट लक्षात आली. नुसता आकडा २५० च्या वर असेल तर तो जवळजवळ नक्की फॅरनहाइट, कारण घरचे ओव्हन सेल्सिअसमध्ये बहुधा तिथेच थांबतात. तो १०० ते २०० च्या मधला असेल तर बहुतेक सेल्सिअस. घोळ आहे तो २०० ते २५० या पट्ट्यात, कारण हे आकडे दोन्ही मापांत ओव्हनमध्ये येऊ शकतात. सेल्सिअसमध्ये ते कडक ओव्हन: पाव, पफ पेस्ट्री, जे दहा मिनिटांपासून फार तर पाऊण तासात होतं. फॅरनहाइटमध्ये तेच आकडे अगदी मंद ओव्हनचे, तासन्‌तास चालणाऱ्या कामाचे. म्हणजे '२२५, दीड तास' हे वाचूनच कळायला हवं होतं की एवढा वेळ २२५ सेल्सिअसमध्ये कोणतंही गोड टिकणार नाही. आता एकक लिहिलेलं नसलं की मी आधी वेळ वाचते, आकडा नंतर.

दुसऱ्या दिवशी १०७ चा हिशोब करून बटण ११० वर ठेवलं, पंखा बंद. दीड तासानं ओव्हन बंद केला आणि गोळे रात्रभर आतच राहू दिले. सकाळी पांढरेशुभ्र, कागदावरून अलगद सुटणारे. पहिल्याच प्रयत्नात नीट उतरलेली पूर्ण वहीतली ही एकमेव कृती, तीही दुसऱ्या प्रयत्नात.

आता थोडं गणित, पण थोडंच. नेमकं सूत्र शाळेतलंच: फॅरनहाइटमधून ३२ वजा करा, ५ ने गुणा, ९ ने भागा. हात पिठात असताना हे कोण करणार? मी नुसतं निम्मं करते. हे ऐकून हसू नका. ३२० फॅरनहाइट म्हणजे बरोबर १६० सेल्सिअस, तिथे निम्मं करणं तंतोतंत बसतं. तिथून दर १८ फॅरनहाइट दूर गेलं की एक अंश सेल्सिअसची चूक होते. ३५० चे निम्मे १७५, खरं १७७. ४०० चे २००, खरं २०४. पार ४५० ला गेलात तरी २२५ विरुद्ध २३२. खाली २२५ ला ११२ येतात, खरे १०७. म्हणजे केकच्या टप्प्यात निम्मं करणं बिनधास्त चालतं, पाव करताना पाच-सात अंश वर चढवायचे आणि मरँगला पाचेक अंश उतरवायचे. ही युक्ती फक्त ओव्हनपुरतीच आहे बरं का. तापाला लावलीत तर १०० फॅरनहाइटचा रोगी ५० सेल्सिअसवर जाईल.

१९ जून. या वेळी 'दह्याचा केक, थ. ६, ३५ मिनिटं'. वहीत दुसरीकडे 'गॅस २', 'गॅस ४' असं होतं, त्यामुळे हाही गॅस मार्कच, म्हणजे ब्रिटनमधल्या गॅसच्या ओव्हनवरचा क्रमांकच असणार असं मी ठरवून टाकलं. 'थ' म्हणजे थोडा-बिडा काहीतरी असेल. गॅस मार्क ६ म्हणजे ४०० फॅरनहाइट, म्हणजे २०० सेल्सिअस. वर आणखी एक शहाणपणा: पंखा लावला, सगळीकडून सारखा भाजला जावा म्हणून. विसाव्या मिनिटाला केकच्या मध्यभागी डोंगर उभा राहिला, डोंगराला भेग पडली, आणि भेगेतून कच्चं पीठ बाहेर येऊ लागलं. कडा करकरीत.

हा आकार ओळखून ठेवा. ओव्हन फार गरम असला की केकच्या कडा आणि वरची साल लवकर घट्ट होतात, मधलं पीठ मात्र अजून फुगतच असतं. त्याला वर जायला एकच वाट उरते, म्हणून ते मध्ये उंच होतं आणि फाटतं. ओव्हन थंड असला की उलट घडतं. केक फिका राहतो, फुगे धरून ठेवायला पीठ वेळेत घट्ट होत नाही, जाळी भरड पडते आणि मध्ये खळगा येतो. भांडं फार भरलं तरी डोंगर येऊ शकतो, पण माझं निम्मंच भरलेलं होतं.

पुन्हा फोन. या वेळी आत्यालाही आठवायला वेळ लागला. "थ... अगं, ती माझ्या मैत्रिणीनं फ्रान्सहून पाठवली होती. तिथल्या ओव्हनवर थर्मोस्टॅटचे आकडे असतात म्हणायची."

तर ही तिसरीच भाषा. फ्रेंच पाककृतींत 'थर्मोस्टॅट ६' असं लिहितात, आणि तो आकडा ३० ने गुणला की सरळ सेल्सिअस मिळतं. ६ म्हणजे १८०. ५ म्हणजे १५०, ७ म्हणजे २१०. ब्रिटनमधल्या गॅस मार्कची चाल अगदी वेगळी आहे. तिथे १९२० च्या दशकात गॅसच्या चुलीला रेग्युलो नावाचा थर्मोस्टॅट आला. त्याच्या चकतीवर अंश नव्हते, नुसते क्रमांक होते. जुन्या ब्रिटिश पुस्तकांत 'रेग्युलो ४' असं दिसलं तर तो आजचा गॅस मार्क ४ च समजायचा. मार्क १ म्हणजे २७५ फॅरनहाइट, आणि पुढे दर मार्काला २५ फॅरनहाइट वाढतात. म्हणून मार्क ४ ला ३५०, मार्क ६ ला ४००. पाठ करायचं तर २५० मध्ये मार्काची पंचवीसपट मिळवा, झालं फॅरनहाइट. त्याचं निम्मं, झालं साधारण सेल्सिअस. फक्त १ च्या खाली हा नियम मोडतो. मार्क अर्धा हा २५० फॅरनहाइट धरतात आणि पाव २२५. म्हणजे माझं मरँग गॅसवाल्या पुस्तकात असतं तर 'मार्क पाव' असं लिहिलेलं असतं, आणि मला तो पाव किलो वाटला असता.

दोन्ही पट्ट्या जवळ येतात फक्त ७ आणि ८ च्या आसपास, आणि म्हणूनच चूक पटकन लक्षात येत नाही. खाली उतरलं की अंतर भयंकर वाढतं: गॅस मार्क ३ म्हणजे १६० च्या थोडं वर, थर्मोस्टॅट ३ म्हणजे ९०.

माझ्या १९ जूनच्या केकचा पंचनामा असा. हवे होते १८०, पंखा बंद. मी दिले २००, आणि वर पंखा. पंखा गरम हवा केकवर फिरवत राहतो, त्यामुळे उष्णता लवकर आत जाते. सर्वसाधारण रिवाज असा की पंखा लावला तर तापमान २० सेल्सिअसनं उतरवायचं. मी उतरवलं नाही, म्हणजे केकच्या दृष्टीनं तो जवळजवळ २२० चा ओव्हन होता. एकूण चाळीस अंशांची चूक, आणि दोन्ही चुका एकाच दिशेच्या.

पंख्यावरून आणखी एक फजिती, ही मात्र भांडं ओव्हनमध्ये जाण्याआधीच पकडली. अमेरिकी कृतीत तळटीप होती: पंख्याच्या ओव्हनला २५ अंश कमी. मी फोनवरच्या कन्व्हर्टरमध्ये २५ फॅरनहाइट टाकले. उत्तर आलं, उणे ४. म्हणजे उणे चार अंश कमी करायचे, म्हणजे चार वाढवायचे? दोन मिनिटं मी खरोखर विचारात पडले. मग ध्यानात आलं की कन्व्हर्टरनं मला २५ फॅरनहाइटची थंडी किती ते सांगितलं होतं. मला हवा होता फरक. फरक बदलताना ते ३२ वजा करायचे नसतात, नुसतं ५ ने गुणून ९ ने भागायचं. २५ फॅरनहाइटचा फरक म्हणजे १४ सेल्सिअस. सगळ्यांत सोपं म्हणजे आधी त्यांच्याच मापात वजाबाकी करून टाकायची: ३५० वजा २५, ३२५, आणि मग ते १६३ सेल्सिअस करायचे. २० सेल्सिअसवाल्या रिवाजानं हाच केक १८० वजा २०, म्हणजे १६० वर येतो. दोघं एकाच दाराशी पोचतात. कृतीत '१६० पंखा' असं आधीच लिहिलेलं असेल तर मात्र परत वजा करू नका. मी एकदा केलं, आणि पाऊण तासानं फिक्या विटेसारखा केक निघाला.

एवढं झाल्यावर माझ्या मनात पाल चुकचुकली. आकड्यांचा घोळ मिटला, पण हे बटण १८० वर ठेवल्यावर आत खरंच १८० होतात का? २० जूनला ओव्हनच्या जाळीवर ठेवायचा काटेवाला थर्मामीटर मागवला. नऊ दिवस वाट पाहिली. त्या नऊ दिवसांत काही भाजलं नाही, हा माझ्या बाजूनं संयमाचा कळस होता.

३० जून. रिकामा ओव्हन, पंखा बंद, मधली जाळी, थर्मामीटर मधोमध. बटण १८० वर. दिवा विझला म्हणजे ओव्हन तापला असं आपण समजतो. तो पहिल्यांदा विझल्यावर मी आणखी वीस मिनिटं थांबले. आतली हवा तापलेली असते, पण पत्रा अजून तापायचा असतो. मग दर पाच मिनिटांनी दार न उघडता काचेतून आकडा वाचला. आठ नोंदी आल्या: १७८, १७१, १६४, १६०, १६९, १७६, १७०, १६४. सरासरी १६९.

या आठ आकड्यांनी माझं ओव्हनकडे बघणंच बदललं. एक तर तो बोलतो त्याहून अकरा अंश थंड आहे. दुसरं, तो एका जागी थांबतच नाही. थर्मोस्टॅट कॉइल चालू-बंद करत राहतो आणि तापमान अठरा अंशांच्या झोक्यावर झुलतं. मग ३५० फॅरनहाइट म्हणजे १७५ लिहावं, १७७ की १८०, यावर मी जी डोकेफोड केली होती ती कशासाठी? पुस्तकांत तिन्ही सापडतात आणि तिन्ही बरोबर आहेत. एकदाच बघून मिळालेल्या आकड्यावर मात्र विसंबू नका. मी फक्त पहिलीच नोंद घेतली असती तर ओव्हन अगदी बरोबर आहे असं वाटलं असतं.

त्याच दिवशी १५० आणि २२० वरही असंच मोजलं. १५० ला सरासरी १४३, २२० ला २०४. म्हणजे चूक सगळीकडे सारखी नाही, वर जाल तशी वाढते. म्हणून 'माझा ओव्हन दहा अंश थंड आहे' असं एकच वाक्य पुरत नाही; मंद, मध्यम आणि कडक अशा तीन ठिकाणी तरी मोजायला हवं. दुपारभर ओव्हन रिकामा जळत होता. घरातल्यांनी दोनदा येऊन विचारलं, काय करतेयस? थर्मामीटर, असं सांगितलं.

मग तक्ता केला. वहीच्या आकाराचा एक कागद, पाच रकाने: वहीतला आकडा, तो कोणत्या मापात, त्याचं सेल्सिअस, पंखा आहे की नाही, आणि शेवटी माझं बटण कुठे ठेवायचं. शेवटचा रकाना फक्त माझा आहे, तो तुम्ही उतरवून घेऊ नका. तुमचा ओव्हन दुसराच काहीतरी बोलत असेल.

४ जुलै. दह्याचा केक पुन्हा. थर्मोस्टॅट ६, १८० सेल्सिअस, पंखा बंद, माझं बटण १९० च्या किंचित पुढे. चौतीस मिनिटं. वर सपाट, सोनेरी, कडा भांड्यापासून नुकत्याच सुटलेल्या, बोटानं दाबलं तर परत वर येणारा. मी लगेच आत्याला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, "भांडं एक माप मोठं घेतलंस."

११ जुलै. फळांचा मोठा केक, 'गॅस २, मधला कप्पा, तीन तास'. मार्क २ म्हणजे ३०० फॅरनहाइट, १५० सेल्सिअस. 'मधला कप्पा' हे शब्द मी आधी सोडून दिले होते, पण ते तिथे उगाच नाहीत. गॅसच्या ओव्हनमध्ये ज्वाळा खाली असते आणि गरम हवा वर जमते, त्यामुळे वरचा कप्पा जास्त गरम आणि खालचा कमी. मार्काचा आकडा मधल्या कप्प्याचा असतो. शिवाय गॅस जळताना पाण्याची वाफ होते, त्यामुळे आतली हवा विजेच्या ओव्हनपेक्षा दमट राहते. तापमान अगदी अचूक बदललं तरी हा फरक तक्त्यात बसत नाही. माझ्या कोरड्या ओव्हनमध्ये दोन तासांनीच वरची साल गडद व्हायला लागली, आत सुरी घातली तर अजून ओलं. वर फॉइल सैल झाकलं आणि उरलेला वेळ तसाच जाऊ दिला. दोन तास पन्नास मिनिटांनी सुरी स्वच्छ निघाली. पुढच्या वेळी फॉइल दीड तासालाच लावायचं, अशी तक्त्याच्या कडेला नोंद आहे.

उरलं शेवटचं पान. 'बिस्किटं, ५, रंग येईपर्यंत.' मार्क नाही, थर्मोस्टॅट नाही, वेळही नाही. आत्याला काहीच आठवेना. "कुणाकडून घेतली तेच आठवत नाही गं. ओळखीच्या कुणाची तरी." गॅस मार्क ५ असेल तर ३७५ फॅरनहाइट, १९० सेल्सिअस. थर्मोस्टॅट ५ असेल तर १५०.

१४ जुलैला पीठ मळून त्याचे सगळे गोळे थंड करायला ठेवले आणि ट्रेवर चारच घेतले. आधी १५०, कारण कमी तापमानावर चूक झाली तर फार बिघडत नाही. पंचवीस मिनिटांनीही रंग नाही. लोणी बिस्किटाला आकार धरायच्या आतच वितळून पसरलं होतं, चार बिस्किटांचा एक नकाशा झाला होता. मग ओव्हन १९० पर्यंत तापू दिला आणि दुसरे चार ठेवले. बाराव्या मिनिटाला कडा सोनेरी, मधे फिकी, आकार जागच्या जागी.

वहीत त्या ५ च्या मागे मी पेननं 'गॅस मार्क' लिहिलं. आत्याला सांगितलं तर म्हणाली, पेन्सिलनं लिहायचंस, उद्या कुणाचं नाव आठवलं तर?